बाजार जागचा हलला नाही, तरीही तोटा!

शुक्रवार, 31 मे 2024. निफ्टी 22,530 वर बंद झाला. पुढच्या गुरुवारी, 6 जूनला, तो 22,821 वर होता. चार सत्रांत जेमतेम 291 अंकांची, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपासची वाढ. नुसते हे दोन आकडे पाहणाऱ्याला तो आठवडा अगदी निवांत गेला असेच वाटेल. ‘बाजार रेंजमध्येच राहणार’ असे म्हणून ज्यांनी त्या आठवड्यात ऑप्शन विकले होते, त्यांचा अंदाज गुरुवारी संध्याकाळी खराही ठरला होता. तरीही त्यांच्यापैकी अनेकांना त्या मंगळवारीच तोटा पदरात घेऊन बाहेर पडावे लागले असणार. कारण याच चार दिवसांत लोकसभेचा निकाल लागला आणि निफ्टी 23,338 च्या तेव्हाच्या विक्रमी उच्चांकावरून 21,281 पर्यंत कोसळून पुन्हा वर आला होता.

‘आयर्न कॉन्डॉर’ या डावपेचाची गंमत आणि गोची दोन्ही या एका आठवड्यात सापडतात. समाजमाध्यमांवर आणि ऑप्शन शिकवणाऱ्या क्लासेसमध्ये हा प्रकार ‘दर आठवड्याचे उत्पन्न’ म्हणून मांडला जातो. बाजार वर जाईल की खाली हे सांगायची गरज नाही, तो एका पट्ट्यात राहिला की झाले, अशी त्याची जाहिरात असते. पट्ट्यात राहणे ही एकच अट वाटते. प्रत्यक्षात तिच्या पोटात आणखी अटी दडलेल्या असतात आणि तोटा बहुतेक वेळा त्यांच्यातून होतो.

आधी रचना समजून घेऊ. ऑप्शनचे दोन प्रकार: कॉल आणि पुट. निर्देशांक ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर कॉल घेणाऱ्याला पैसे मिळतात, खाली गेला तर पुट घेणाऱ्याला. ही ठरलेली पातळी म्हणजे स्ट्राइक. ऑप्शन विकणारा सुरुवातीलाच प्रीमियम घेतो आणि त्या बदल्यात धोका अंगावर घेतो. एक्स्पायरीपर्यंत निर्देशांक त्या स्ट्राइकपलीकडे गेला नाही, तर ऑप्शनची किंमत शून्य होते आणि प्रीमियम विकणाऱ्याच्या खिशात राहतो.

आयर्न कॉन्डॉरमध्ये असे चार सौदे एकदम केले जातात. बाजाराच्या वर एक कॉल विकायचा आणि त्याहून वरचा एक स्वस्त कॉल विकत घ्यायचा. बाजाराच्या खाली एक पुट विकायचा आणि त्याहून खालचा एक स्वस्त पुट विकत घ्यायचा. विकलेले दोन ऑप्शन कमाई करून देतात, विकत घेतलेले दोन ऑप्शन नुकसानीला कुंपण घालतात. बाजारातली मंडळी या कुंपणाला ‘हेज’ म्हणतात. हेज असल्यामुळे ब्रोकरकडे ठेवावे लागणारे मार्जिनही उघड्या विक्रीपेक्षा बरेच कमी लागते आणि छोट्या गुंतवणूकदाराला हा प्रकार भावण्याचे तेही एक कारण आहे.

आता 31 मेच्या त्या शुक्रवारी एखाद्याने ही पोझिशन घेतली असे धरू. निफ्टीच्या पातळ्या खऱ्या आहेत. ऑप्शनचे भाव मात्र हिशेब समजावा म्हणून सोयीचे धरले आहेत. 23,300 चा कॉल 90 रुपयांना विकला, 23,700 चा कॉल 45 ला घेतला. 21,700 चा पुट 110 ला विकला, 21,300 चा पुट 65 ला घेतला. दोन्ही बाजूंचे मिळून निव्वळ 90 रुपये हातात आले. तेव्हा निफ्टीचा लॉट 25 चा होता, म्हणजे 2,250 रुपये. गुरुवारी निफ्टी 21,700 आणि 23,300 यांच्या मध्ये कुठेही बंद झाला, तर ही सगळी रक्कम त्याची. सोळाशे अंकांचा रुंद पट्टा! ऐकायला सोपे वाटते.

तोट्याची बाजू अशी. प्रत्येक बाजूला विकलेल्या आणि विकत घेतलेल्या स्ट्राइकमध्ये 400 अंकांचे अंतर आहे. निफ्टी एका बाजूने पूर्ण बाहेर गेला तर 400 द्यावे लागतील, त्यातून मिळालेले 90 वजा केले की 310 चा तोटा, म्हणजे लॉटमागे 7,750 रुपये. एक्स्पायरीला निर्देशांक एकाच वेळी दोन्हीकडे असू शकत नाही, म्हणून तोटाही एकाच बाजूचा होतो. कमाल फायदा आणि कमाल तोटा दोन्ही सौद्याआधीच माहीत असतात. हा या रचनेचा खरा गुण आहे आणि तो मान्य करायला हवा.

पण 2,250 आणि 7,750 हे आकडे शेजारी ठेवून पाहिले, की ‘उत्पन्न’ या शब्दाचा रंग थोडा उतरतो. एक पूर्ण तोटा जवळपास साडेतीन पूर्ण फायदे खातो. दहा वेळा सौदा केला आणि आठ वेळा यश आले, तर 18,000 मिळाले आणि 15,500 गेले, उरले 2,500. सात वेळा यश आले, तर 15,750 मिळाले आणि 23,250 गेले. साडेसात हजारांचा खड्डा. म्हणजे सत्तर टक्के वेळा बरोबर असणाऱ्या माणसाचाही यात तोटा होतो. त्याला निव्वळ बरोबरीसाठीच साडेसत्त्याहत्तर टक्के वेळा जिंकावे लागते.

त्यातून खर्च वेगळा. चार लेग उघडायचे आणि चारही मुदतीआधी बंद करायचे म्हटले, तर आठ ऑर्डरी होतात. बऱ्याच डिस्काउंट ब्रोकरांकडे ऑर्डरमागे 20 रुपये पडतात, म्हणजे एका सौद्याला 160 आणि वर जीएसटी. दहा सौद्यांचे झाले जवळपास 1,900. शिवाय एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक आहेच. दहापैकी आठ वेळा जिंकून उरलेले 2,500 कुठे गेले, हे महिनाअखेरीस शोधावे लागत नाही.

मग यात कमाई होते ती कशी? ऑप्शनच्या भावात बाजाराची पुढच्या चढउताराबद्दलची अपेक्षा धरलेली असते. धरलेल्या अपेक्षेपेक्षा प्रत्यक्ष चढउतार कमी झाला, तर विकणाऱ्याला तो फरक मिळतो. निर्देशांकांच्या बाबतीत असे बऱ्याचदा घडते, कारण घाबरलेले गुंतवणूकदार संरक्षणासाठी थोडा जास्त भाव मोजायला तयार असतात. कॉन्डॉर विकणारा हा जादा भाव गोळा करत असतो. म्हणजे ‘बाजार रेंजमध्ये राहील’ एवढा अंदाज पुरेसा नाही. ‘बाजाराने भावात धरला आहे त्यापेक्षा कमी हलेल’ असा तो अंदाज असायला हवा. निवडणुकीच्या निकालाच्या आठवड्यात प्रीमियम भरघोस दिसतो, तो याच कारणाने. बाजाराला मोठी हालचाल दिसत असते आणि तिची किंमत त्याने आधीच भावात धरलेली असते.

आता त्या आठवड्याची वाट चालून पाहू.

शनिवारी, 1 जूनला संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे आले. सत्ताधारी आघाडीला प्रचंड बहुमत मिळेल, असे बहुतेकांनी वर्तवले होते. सोमवारी बाजार उघडला तोच मोठी उडी घेऊन. दिवसभरात निफ्टीने 23,338 ला स्पर्श केला आणि 733 अंकांच्या वाढीसह तो 23,263 वर बंद झाला. आपल्या गुंतवणूकदाराच्या विकलेल्या कॉलची पातळी 23,300. म्हणजे पहिल्याच दिवशी वरच्या कुंपणावर धडक.

इथे स्क्रीनवर काय दिसत असेल? कॉलच्या बाजूची जोडी, जी त्याने 45 ला विकली होती, ती आता समजा 160 ला पडते आहे. पुटच्या बाजूची जोडी 45 वरून 25 वर आली आहे. एकूण पोझिशन 90 ला घेतली, बंद करायला 185 लागतात. लॉटमागे 2,375 रुपयांचा तोटा लाल अक्षरांत दिसतो. पट्टा अजून सुटलेला नाही, निफ्टी 23,300 च्या खालीच बंद झाला आहे. पण मंगळवारी निकाल आहे आणि चाचण्या खऱ्या ठरल्या तर आणखी तेजी, असे सगळे वाहिन्यांवर सांगत आहेत.

अशा वेळी ऑप्शन विकणारे जे करतात, त्याला ‘अॅडजस्टमेंट’ म्हणतात. ज्या बाजूला धोका नाही, ती बाजू बाजाराच्या जवळ ओढायची आणि जास्तीचा प्रीमियम घ्यायचा. आपल्या गुंतवणूकदाराने तेच केले असे धरू. खालची पुटची जोडी 25 ला परत घेतली आणि त्याऐवजी 22,500 चा पुट विकून 22,100 चा पुट घेतला. त्यातून 75 मिळाले. आता एकूण जमा प्रीमियम 90 वरून 140 झाला आणि कमाल तोटा 310 वरून 260 वर आला. कागदावर स्थिती सुधारली. फक्त खालचे कुंपण 21,700 वरून 22,500 वर आले होते. पट्टा सोळाशे अंकांवरून आठशेवर आला होता.

मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि चाचण्यांचे आकडे कोसळू लागले. भाजप 240 जागांवर थांबला. निफ्टी दुपारपर्यंत 21,281 पर्यंत खाली आला आणि 1,379 अंकांच्या, जवळजवळ सहा टक्क्यांच्या घसरणीसह 21,884 वर बंद झाला. नवे खालचे कुंपण 22,500 वर असताना निफ्टी त्याच्या बाराशे अंक खाली गेलेला. पुटची जोडी आता 330 च्या आसपास. घाबरून बाहेर पडणाऱ्याच्या हिशेबात 140 जमा, साधारण 332 खर्च, म्हणजे 192 चा तोटा; लॉटमागे 4,800 रुपये.

आणि ज्याने काहीच केले नाही? त्याचा मूळ कॉन्डॉर सोमवारी वरच्या टोकाला आणि मंगळवारी खालच्या टोकाला लाल झाला. मंगळवारचा नीचांक तर त्याने विकत घेतलेल्या 21,300 च्या पुटच्याही खाली होता. पण बुधवारी निफ्टी 735 अंकांनी उसळला, गुरुवारी 22,821 वर बंद झाला आणि चारही ऑप्शन शून्य झाले. त्याला पूर्ण 2,250 मिळाले.

यावरून ‘हात लावू नये, धीर धरावा’ असा धडा कोणी काढेल तर तो चुकेल. मंगळवारी दुपारी निफ्टी परत 22,800 वर येईल, हे कोणालाही माहीत नव्हते. या गोष्टीतून दिसते ते एवढेच, की कॉन्डॉरचा अंतिम हिशेब एक्स्पायरीच्या बंद भावावर होतो, पण तो सांभाळणाऱ्या माणसाला तिथपर्यंतची सगळी वाट सोसावी लागते. पट्ट्याचा अंदाज मुक्कामाबद्दल असतो. मार्जिन, स्टॉपलॉस आणि झोप यांचा संबंध वाटेशी असतो. स्टॉपलॉस ठेवणाऱ्याला दोन्हीकडून चपराक बसू शकते, न ठेवणाऱ्याला एके दिवशी पूर्ण तोटा. यातले काय पत्करायचे, हे सोमवारी सकाळी ठरवून चालत नाही. शुक्रवारी सौदा करतानाच ठरलेले असावे लागते.

दुसऱ्या प्रकारच्या अपयशात वाट नसतेच. बाजार एका ठिकाणी बंद होतो आणि दुसऱ्याच ठिकाणी उघडतो.

16 जानेवारी 2024 ला बँक निफ्टी 48,125 च्या आसपास बंद झाला. तेव्हा बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी बुधवारी असे, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. त्या संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर, एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले. या निर्देशांकातला तो सर्वांत मोठा शेअर. निकाल बाजाराला पसंत पडले नाहीत. बुधवारी सकाळी बँक निफ्टी उघडला तोच 46,574 च्या आसपास, दीड हजार अंक खाली. दिवसअखेर तो 46,064 वर बंद झाला आणि एचडीएफसी बँकेचा शेअर आठ टक्क्यांहून अधिक पडला.

मंगळवारी संध्याकाळी कोणी 47,500 चा पुट विकून आणि 47,000 चा पुट घेऊन बसले असेल, तर त्याला वाटले असेल की उद्या संपणाऱ्या सौद्यात सहाशे अंकांची जागा आहे, खूप झाली. सकाळी सव्वानऊला त्याचे दोन्ही पुट पाण्याखाली होते. अॅडजस्टमेंटला वेळच नव्हता. स्टॉपलॉसची ऑर्डर लावली असती, तरी ती मंगळवारच्या नव्हे, बुधवारच्या भावाला लागली असती. दोन्ही बाजू मिळून 60 रुपये प्रीमियम घेतला असे धरले, तर त्याचा तोटा 440 अंकांचा. तेव्हाच्या 15 च्या लॉटला 6,600 रुपये.

मात्र इथेच हेजची किंमतही कळते. त्याच्या शेजाऱ्याने 47,000 चा पुट घेण्याचे पैसे वाचवून नुसता 47,500 चा पुट विकला असता, तर दिवसअखेर तो 1,436 अंकांनी आत होता. मिळालेले पन्नासेक रुपये वजा केले तरी लॉटमागे वीस हजारांहून अधिक. कुंपण महाग वाटते ते गाय शेतात शिरेपर्यंत.

या प्रसंगातून निघणारी खूणगाठ अगदी व्यावहारिक आहे. एचडीएफसी बँकेच्या निकालाची तारीख जाहीर होती. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, मतमोजणी, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा निर्णय, निर्देशांकातल्या बड्या कंपन्यांचे निकाल, या सगळ्यांच्या तारखा आधी कळतात. यांपैकी काही सौदा घेतल्यापासून एक्स्पायरीपर्यंतच्या काळात येत असेल, तर पट्टा आधीच्या दोन आठवड्यांच्या आलेखावरून आखणे व्यर्थ आहे.

आणि तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. तो बाजार शांत असताना तयार होतो.

अपेक्षित चढउतार मोजण्यासाठी ‘इंडिया व्हिक्स’ नावाचा आकडा रोज स्क्रीनवर येतो. तो वार्षिक टक्केवारीत असतो. आठवड्याचा अंदाज हवा असेल, तर त्याला साधारण 7.2 ने भागायचे, महिन्याचा हवा असेल तर सुमारे 3.5 ने. व्हिक्स 14 असेल, तर आठवड्याला दोन टक्क्यांच्या आसपास आणि महिन्याला चार टक्के. निर्देशांक त्या मर्यादेत राहण्याची शक्यता बाजार दोन-तृतीयांशच्या आसपास धरतो आहे, असा याचा ढोबळ अर्थ. म्हणजे तीनपैकी एका वेळी तो बाहेर जाईल, हेही त्याच आकड्यात लिहिलेले असते.

व्हिक्स कमी झाला, की लांबच्या स्ट्राइकना प्रीमियम उरत नाही. दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळवायची सवय लागलेला माणूस मग दोनांपैकी एक करतो: स्ट्राइक बाजाराच्या जवळ आणतो किंवा लॉट वाढवतो. दोन्हींचा परिणाम एकच. ज्या वेळी मोबदला सर्वांत कमी असतो, त्याच वेळी त्याचा धोका सर्वांत मोठा होतो.

2020 च्या सुरुवातीला नेमकी हीच स्थिती होती. नोव्हेंबर 2019 पासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निफ्टी ढोबळमानाने 11,600 ते 12,450 यांच्या दरम्यान फिरत होता. व्हिक्स 14 च्या आसपास होता. कॉन्डॉर विकणाऱ्यांसाठी ते महिने सुगीचे. मग करोनाची साथ पसरू लागली. 27 फेब्रुवारीला मासिक एक्स्पायरी झाली तेव्हा निफ्टी 11,633 वर होता. दुसऱ्याच दिवशी तो 11,201 वर आला. 12 मार्चला 9,590. 13 मार्चला सकाळी दहा टक्के पडून खालचे सर्किट लागले, व्यवहार थांबले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर निर्देशांक उसळून 9,955 वर बंद झाला. 23 मार्चला पुन्हा सर्किट. दिवसअखेर जवळजवळ 13 टक्के घसरण आणि 7,610 चा बंद भाव. व्हिक्स 70 च्या पुढे.

कॉन्डॉरचा एकेका सौद्यातला तोटा या काळातही बांधलेलाच होता. घात झाला तो पुढच्या सौद्याने. पहिला कॉन्डॉर तोट्यात बंद केला, की माणूस नव्या पातळीभोवती दुसरा मांडतो. ‘आता आणखी किती पडणार’ असा त्यामागचा विचार असतो. 11,200 ला मांडलेला पट्टा 9,600 ला तुटतो, 9,600 ला मांडलेला 7,600 ला. प्रत्येक वेळी तोटा मर्यादितच, पण अशा तीन-चार मर्यादित तोट्यांची बेरीज वर्षभराच्या कमाईच्या पुढे जाते. एकदिशा लागलेल्या बाजारात हा डावपेच चुकीचा आहे, हे पहिल्या तोट्यालाच ओळखावे लागते. त्याची एक खूण सोपी आहे: निफ्टी अजून पट्ट्यात आहे, पण व्हिक्स रोज चढतो आहे आणि विकलेले ऑप्शन दिवस सरूनही स्वस्त होत नाहीत. वेळ तुमच्या बाजूने काम करायला हवा होता आणि तो करत नाही, म्हणजे बाजाराने आपले मत बदलले आहे.

चौथी अडचण अंदाजाची नाही, हाताळणीची आहे. पण तिच्यात पैसे तितकेच खरे जातात. चार लेगपैकी विकत घेतलेले लेग आधी घ्यावेत आणि विकायचे नंतर विकावेत, म्हणजे मार्जिन सुरुवातीपासून कमी लागते. बाहेर पडताना क्रम उलटा: विकलेले आधी परत घ्यायचे, मग हेज विकायचे. घाईत हेज आधी विकला गेला, तर काही क्षणांसाठी पोझिशन उघडी पडते आणि मार्जिन एकदम वाढते. काही जण एक्स्पायरीच्या दिवशी सकाळी ‘हेजला अजून तीन रुपये मिळतात, ते तरी सोडवू’ म्हणून तो विकून टाकतात. कॉन्डॉर तिथेच संपतो. उरते ती उघडी विक्री, आणि तीही ज्या दिवशी थोड्याशा हालचालीने ऑप्शनचे भाव कित्येक पट होतात त्या दिवशी.

निफ्टीचा हिशेब रोखीत होतो. शेअरवरच्या ऑप्शनचे तसे नाही. ऑक्टोबर 2019 पासून सगळ्या शेअर ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअरची देवघेव करावी लागते. समजा एका शेअरवर 960 चा पुट विकला, 940 चा घेतला आणि एक्स्पायरीला शेअर 950 वर थांबला. 940 चा हेज शून्य झाला, पण 960 च्या पुटपायी शेअर उचलावे लागणार. लॉट 500 चा असेल तर 4 लाख 80 हजार रुपये तयार हवेत. दहा हजारांच्या आतला धोका घेतला आहे, असे समजणाऱ्याला हा फोन ब्रोकरकडून येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून शेअरवरचा कॉन्डॉर एक्स्पायरीपर्यंत नेऊ नये, हे अनुभवी लोक पहिल्याच दिवशी सांगतात.

मधल्या काळात नियमही बदलले आहेत. सेबीने ऑक्टोबर 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानंतर प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवता येते. त्यामुळे बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन बंद झाले. कराराचे किमान मूल्य 15 लाखांवर नेले गेले आणि निफ्टीचा 25 चा लॉट तेव्हा 75 चा झाला. एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन विकणाऱ्यांना दोन टक्के जादा मार्जिन द्यावे लागते. सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारऐवजी मंगळवारी असते. वरचेच उदाहरण तेव्हाच्या त्या 75 च्या लॉटला लावले, तर कमाल फायदा 6,750 आणि कमाल तोटा 23,250 होतो. प्रमाण तेच, पण एका चुकीची किंमत तिप्पट.

सेबीनेच केलेल्या अभ्यासानुसार 2024-25 या आर्थिक वर्षात इक्विटी डेरिव्हेटिव्हमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी सुमारे 91 टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा 1 लाख 5 हजार कोटींच्या वर होता. या आकड्यात ऑप्शन विकत घेणारे आणि विकणारे दोघेही आहेत, त्यामुळे तो कॉन्डॉरवरचा निकाल मानता येणार नाही. पण ‘दर आठवड्याचे उत्पन्न’ म्हणून यात उतरणाऱ्याने कोणत्या गर्दीत पाऊल टाकतो आहोत, हे माहीत असलेले बरे.

आयर्न कॉन्डॉर हा फसवा प्रकार नाही. तोटा आधीच कळू देणारी ती एक प्रामाणिक रचना आहे, आणि ऑप्शन महाग असताना, जवळ कोणतीही मोठी घटना नसताना, छोट्या आकारात ती कामही करते. तिला पगाराची जागा देता येत नाही, एवढेच. तरीही कोणाला करून पाहायचेच असेल, तर ऑर्डर टाकण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पूर्ण तोटा रुपयांत किती, एक्स्पायरीआधी कोणत्या तारखांना काय घडणार आहे, आणि कोणत्या पातळीला काहीही झाले तरी बाहेर पडायचे. यांपैकी एकही रकाना कोरा राहिला, तर तो आठवडा सोडून द्यावा.